बिरागोचे तीन कप्पे

घानातल्या कुमासी शहराच्या आदुम भागात अंत्यविधीच्या कापडाचं, म्हणजे अंत्यविधीला सगळं घर नेसतं त्या कापडाचं, एक दुकान आहे. त्याचे हिशेब मी लिहितो. तिथे माझ्या टेबलासमोरच्या टेबलावर बिरागो बसायची. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं भरलेली, केस नेहमी बारीक कापलेले, आणि आवाज असा की दाराबाहेरचा हमालही मान वळवून बघायचा. तिची आई बाजारात कापडाचा ठेला लावायची, त्यामुळे हातात घेतलेलं कापड कुठल्या गिरणीचं ते बिरागो बोटांनी सांगायची. दुकानात मात्र तिला कापडाला हात लावायचं काम नव्हतं. तिच्याकडे फोन होता.

दुकानाचं फेसबुकवर एक पान आणि इन्स्टाग्रामवर एक. दोन्हीकडचे निरोप एकाच जागी येऊन पडायचे. सकाळी बिरागो बसली की समोर दोन-अडीचशे निरोप असायचे. तिचं काम ते निवडायचं. ऑर्डर, तक्रार, चौकशी, असे तीन कप्पे. ऑर्डर असेल तर घराचं नाव, गाव, किती वार, कुठलं कापड आणि अंत्यविधी (ते आमच्याकडे शनिवारीच होतात) कोणत्या शनिवारी हे विचारून माल बांधणाऱ्यांकडे कागद जायचा. चौकशी असेल तर फोटो आणि भाव. तक्रार असेल तर ती मालकिणीकडे.

वाचणाऱ्याला हे काम सोपं वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्याकडची माणसं निरोप कसा लिहितात हे ध्यानात घ्या. आधी नमस्कार. मग घरच्यांची विचारपूस. मग देवाचं नाव. मग 'कृपया'. मग मुद्दा, तोही असा की जणू चूक सांगणाऱ्याचीच आहे. आणि शेवटी, स्वतंत्र निरोपात, आभार आणि आशीर्वाद. फोनवरच्या यादीत दिसतो तो माणसाचा शेवटचा निरोप. म्हणजे यादी वर-खाली केली तर अर्धं गाव आपल्याला आशीर्वाद देतंय असंच वाटतं. त्यातल्या कोणाचं कापड फाटकं निघालंय, कोणाची गोणी पोचलीच नाही, हे कळायला प्रत्येक संभाषण उघडून, आपलं मागचं उत्तर जिथे संपलं तिथपासून वाचावं लागतं. बिरागो तसं वाचायची. त्याला वेळ लागायचा, आणि त्या वेळावरून मालकीण अग्येइवा मॅडम रोज तिच्यावर चिडायच्या.

अग्येइवा मॅडमना वाईट बाई म्हणता येणार नाही. नवरा गेल्यावर एकटीनं दुकान उभं केलं त्यांनी. पण पानाखाली कोणी जाहीर तक्रार लिहिली की त्या ती लपवायच्या आणि खाली एकच उत्तर टाकायच्या, 'कृपया आम्हाला निरोप पाठवा.' निरोप पाठवला की तो कप्प्यात पडायचा, आणि तो कप्पा मॅडम सोमवारी उघडायच्या, कधी त्याच्या पुढच्या सोमवारी. बिरागो मला एकदा म्हणाली होती की आमच्याकडे तक्रारीला विहीर आहे, वरून झाकण लावलं की आवाज येत नाही.

मग मॅडमचा भाचा लॉइड आला. अक्रामध्ये कुठल्यातरी जाहिरात कंपनीत दोन वर्षं काम करून आलेला, गोड बोलणारा मुलगा. त्यानं आल्याआल्या सांगितलं की इनबॉक्स दुपारपर्यंत रिकामा दिसला पाहिजे. त्याच्यासाठी त्यानं चौथा कप्पा काढला, 'झालं'. नियम असा की यादीत दिसणारी ओळ वाचायची, संभाषण उघडायचं नाही. ओळीत भाव विचारला असेल तर चौकशी, कापड मागितलं असेल तर ऑर्डर, राग दिसला तर तक्रार, आणि आभार असतील तर एक लाल हृदय चिकटवायचं आणि झालं.

बिरागोनं भांडून पाहिलं. ती म्हणाली की इथे रागावलेला माणूससुद्धा आभार मानूनच थांबतो. लॉइड हसून म्हणाला, "सिस्टर बिरागो, लोक आभार मानतायत तर तुम्हाला त्रास काय होतोय? तुम्हाला भांडणंच लागतात का?" मॅडमही हसल्या. बिरागोला शाळेत शिकणारी मुलगी होती आणि दुसरी नोकरी नव्हती. तिनं दात आवळले आणि आठवडाभर नियमानं काम केलं. घोळ व्हायला तेवढं पुरलं.

त्या आठवड्यात दोन गोण्या गेल्या. दोन्ही अम्पोन्सा नावाच्या घरांच्या. एक अक्राला, नव्वदी ओलांडून गेलेल्या एका आजीसाठी. आयुष्य भरून गेलेल्या माणसाला आमच्याकडे पांढऱ्यात निरोप देतात, म्हणून त्यात पांढऱ्यावर काळी वेलबुट्टी. दुसरी टेचिमानला, मोटरसायकलच्या अपघातात गेलेल्या सव्वीस वर्षांच्या एफ्रेम नावाच्या शिक्षकासाठी. अकाली गेलेल्यासाठी लाल-काळं नेसतात, म्हणून त्यात लाल आणि काळं. बस-स्थानकावर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आजीकडे लाल गेलं आणि त्या पोराकडे पांढरं.

अक्राच्या घरात गोणी उघडली आणि तिथल्या थोरल्या मुलीनं मोठ्या अक्षरांत शिव्या दिल्या. पानावर, निरोपात, फोनवर, सगळीकडे. आमच्या आईच्या म्हातारपणावर दुःखाचा रंग फासता का, असं तिनं विचारलं. तक्रार म्हणून ती लगेच ओळखली गेली. मॅडमनी त्याच दिवशी दुसरं पांढरं कापड माणसाबरोबर पाठवलं आणि लाल परत मागवलं. लॉइडनं त्या संभाषणावर 'झालं' लावलं आणि आम्हा सगळ्यांना कोक पाजलं. आजीकडे चुकून गेलेलं लाल मुळात कोणाचं होतं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. मलाही नाही.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी बिरागोला सांगितलं की परत आलेल्या लाल कापडाचा एक चांगला फोटो काढ, ओबुआसीच्या एका चर्चच्या मंडळींना ते द्यायचं ठरलंय. लॉइडनं आदल्या दिवशीच ती ऑर्डर घेतली होती. तसलं लाल दुकानात दुसरं शिल्लक नव्हतं. बिरागोनं गोणी सोडली, कापडाची घडी उलगडून काउंटरवर पसरली, फोन वर धरला आणि तशीच उभी राहिली. मग फोटो न काढता खाली बसली आणि टेचिमानचं संभाषण शोधू लागली.

ते 'झालं' मध्ये होतं. लेबल तिनंच लावलं होतं.

तिनं ते मला वाचायला दिलं. लिहिणारी एफ्रेमची थोरली मावशी होती, पोकुआ नावाची. मंगळवारचा निरोप असा होता:

'कृपया, सुप्रभात. मॅडम आणि घरची सगळी बरी आहेत ना? आम्ही देवाच्या कृपेनं आहोत. कापड वेळेवर मिळालं, फार बरं वाटलं. कृपया, गोणी उघडली तर आत पांढरं आहे. आमचा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. त्याची आई पांढरं बघून आत जाऊन बसली आहे, बाहेर येत नाही. शनिवारी माती द्यायची आहे. कृपया काय करावं ते सांगाल का.'

त्याच्याखाली वेगळा निरोप: 'तुमचे खूप आभार. देव तुमच्या हाताला यश देवो.'

त्याच्याखाली आमच्या दुकानाचं लाल हृदय.

बुधवारी: 'कृपया, नमस्कार. सहज विचारपूस करायला लिहिलं.' आमच्याकडे सहज विचारपूस म्हणजे आठवण करून देणं, हे पोरालाही कळतं. त्याखाली पुन्हा हृदय. गुरुवारी काही नाही.

बिरागो ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. मावशीनं दिलेल्या नंबरावर तिनं फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. अंत्यविधीच्या घरात फोन कोण उचलणार. दोनदा, तीनदा लावला. मग उठली आणि काउंटरवरचं कापड घडी करून गोणीत भरू लागली.

लॉइड पुढे आला. ते ओबुआसीचं आहे, असं त्यानं सांगितलं.

"हे त्या पोराचं आहे," ती म्हणाली. "त्याच्या मावशीनं कधीच पैसे भरलेत. तू विकलेला माल परत विकलास, लॉइड."

मॅडम आतून आल्या. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, हे मला नमूद केलं पाहिजे. मग म्हणाल्या की आता शुक्रवार आहे, उद्या माती आहे, शिवायला वेळ कुठला, त्यांनी काहीतरी केलंच असेल. ओबुआसीची मंडळी मात्र आज माल न्यायला येतायत. एका गिऱ्हाइकाचं बिघडलंय म्हणून दुसऱ्याचं बिघडवायचं का?

"मॅडम, त्यांनी काहीतरी केलंच असेल म्हणता. काय केलं असेल?"

"ते मी कसं सांगू?"

"मग मी बघून येते."

मॅडमनी सांगितलं की गोणी दाराबाहेर गेली तर सोमवारी यायची गरज नाही. बिरागोनं गोणी डोक्यावर घेतली. आईच्या ठेल्यावर वाढलेली बाई, तिला कोणी उचलून द्यावी लागली नाही. ती गेली. मी हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसलो होतो, पण एकही आकडा लिहिला गेला नाही.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं.

बस वाटेत दोनदा थांबली आणि टेचिमानला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. घर शोधायला त्रास झाला नाही, दारावर काळी-लाल पट्टी होती आणि मांडवाचे खांब रोवून झाले होते. अंगणात शिरताच तिला वास आला. झाडाची साल उकळून केलेल्या रंगाचा. दोरीवर कापडं वाळत होती, ओळीनं, मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आमचंच कापड. पांढऱ्यावरची वेलबुट्टी पुसटशी दिसत होती, बाकी सगळं काळपट तपकिरी, कुठे गडद, कुठे डागाळलेलं, काठाला नुसतंच मळकं. चुलीवर मोठं पिंप होतं आणि चार-पाच बायका कोपरापर्यंत काळ्या हातांनी पिळे पिळत होत्या. दोन दिवस त्या तेच करत होत्या. उत्तर येईना, तेव्हा त्यांनी आपलं आपण केलं.

पोकुआ मावशी साठीची, बारीक चणीची बाई. तिनं बिरागोला ओळखलं नाही, तरी आधी बसायला स्टूल दिलं. मग पाणी दिलं. आपल्याकडे आलेल्याला पाणी प्यायच्या आधी कामाचं विचारत नाहीत. सगळ्यांशी हात मिळवून झाले, प्रवास कसा झाला ते विचारून झालं, मग मावशीनं विचारलं की कोणत्या कामानं येणं केलंत.

बिरागोनं दुकानाचं नाव सांगितलं आणि गोणी पुढे ढकलली.

मावशीनं गोणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आभारी आहोत. लांबून आलात."

त्यावर बिरागोचा बांध फुटला. दिवसभराचा, आठवड्याचा, किती वर्षांचा कोण जाणे. मावशीपेक्षा वयानं लहान असून, दुःखाच्या घरात बसून, ती त्या बाईवर ओरडली. आभार कसले मानता, ती म्हणाली. तुमच्या पोराच्या मरणावर आम्ही पांढरं पाठवलं आणि तुम्ही आम्हाला आशीर्वाद देता? अक्राच्या बाईनं शिव्या घातल्या, तिचं काम त्या दिवशी झालं. "तुम्ही का नाही ओरडलात, मावशी? एकदा ओरडला असतात तर मी ऐकलं असतं."

अंगणातल्या बायका पिळे पिळायच्या थांबल्या.

पोकुआ मावशी ओरडली नाही. काळे हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं की कापड पांढरं आहे. मुलगा किती वर्षांचा होता तेही सांगितलं. त्याची आई बाहेर येत नाही, तेही सांगितलं. अजून काय सांगायचं राहिलं होतं, बाई? नीट बोललेलं तुमच्याकडे ऐकू येत नाही, तर तो दोष माझा कसा?"

बिरागो मला म्हणाली की त्या क्षणी तिला स्वतःच्या बोटाचा राग आला, ज्या बोटानं ते हृदय चिकटवलं होतं.

मग मावशीनं गोणी उघडली. लालातलं मोजून थोडंच काढलं, एफ्रेमच्या आईला, त्याच्या दोन बहिणींना आणि धाकट्या भावाला पुरेल एवढं. शिवायचं नाही, नुसतं गुंडाळायचं. बाकीची गोणी तिनं परत बांधली. बिरागो म्हणाली की हे सगळं तुमचंच आहे. मावशी म्हणाली की या बायकांनी दोन दिवस रंग उकळला, हातांची सालं गेली, आता मी त्यांना सांगू का की ते काढा आणि हे नेसा? त्या उद्या तेच नेसतील.

आणि त्या नेसल्या. बिरागो शनिवारी मातीपर्यंत थांबली. मांडवात सगळं गाव त्या डागाळलेल्या कापडात बसलं होतं, आणि ढोल सुरू झाल्यावर घाम आला तसा रंग माना-दंडांवर उतरू लागला. आई लालात होती. तिला दोघींनी धरून आणलं. बिरागो सर्वांत मागे उभी होती आणि तिथे कोणीही तिला एक वाकडा शब्द बोललं नाही. जेवणाचं ताट मात्र तिला आग्रहानं वाढलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यातलं सर्वांत वाईट जेवण ते, आणि सूप चांगलं झालं होतं.

सोमवारी ती दुकानात आली. यायची गरज नाही असं सांगितलेलं असताना आली, उरलेली गोणी घेऊन. मॅडमचा राग तोवर ओसरला होता. ओबुआसीची मंडळी शुक्रवारी रिकाम्या हातानं परत गेली होती, पण दुसरं कापड घ्यायला तयार झाली होती. नुकसान म्हणावं असं फार झालं नव्हतं. मॅडम मोठ्या मनानं म्हणाल्या की झालं ते झालं, बस तुझ्या जागेवर, आणि त्या टेचिमानच्या बाईला नीट माफीचा निरोप पाठवून विषय मिटव. लॉइडनं मजकूर आधीच तयार करून फोनमध्ये साठवून ठेवला होता, पुढेही उपयोगी पडेल म्हणून.

बिरागोनं फोन उचलला आणि मोठ्यानं वाचलं. 'प्रिय ग्राहक, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या पुढच्या खरेदीवर आम्ही दहा टक्के सूट देत आहोत.' शेवटी हात जोडलेलं चित्र.

तिनं ते परत एकदा वाचलं, या वेळी मनात. मग लॉइडकडे बघून तिनं शांतपणे विचारलं, "पुढची खरेदी म्हणजे? अजून कोणाला मारायचं त्यांनी?"

लॉइड म्हणाला की हा मजकूर सगळीकडे असाच असतो.

"आपण अंत्यविधीचं कापड विकतो रे. सवलत मिळवायची तर घरात प्रेत पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "बिरागो, शब्दाला शब्द वाढवू नकोस. पाठव."

"नाही पाठवणार. प्रत्येक निरोप उघडून वाचायचं ठरलं तर मी बसते. नाहीतर हा फोन घ्या."

मॅडमना तिची गरज होती, हे त्यांनाही कळत होतं. पण भाच्यासमोर, माल बांधणाऱ्यांसमोर, माझ्यासमोर नोकर बाईची अट मान्य करायची? त्यांनी हात पुढे केला. बिरागोनं फोन त्या हातावर ठेवला, टेबलाच्या खणातला पाण्याचा ग्लास आणि मुलीचा फोटो घेतला आणि गेली. मी उठलो नाही. उठून तरी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

ती आता बाजारात आईच्या जागी कापड विकते. मी मधूनमधून जातो. तिथे गिऱ्हाईक तोंडावर भांडतं, कापड तिच्या अंगावर फेकतं, ती त्याच्यावर ओरडते, तो तिच्यावर, आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी मिटतं. राग तिचा अजून गेलेला नाही. दुकानाचं नाव काढलं की कात्री जरा जोरात चालते.

माफीचा तो निरोप मॅडमनी स्वतः पाठवला, त्याच सोमवारी, माझ्यादेखत. साठवलेला मजकूर होता तसा, हात जोडलेल्या चित्रासकट. उत्तर लगेच आलं. त्यात नमस्कार नव्हता, घरच्यांची विचारपूस नव्हती, 'कृपया' नव्हतं, देव नव्हता. दोनच शब्द होते: 'लिहू नका.'

मॅडमनी फोन माझ्यासमोर धरला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "किती उद्धट बाई आहे."

लॉइडनं मान वाकवून ओळ वाचली आणि तिच्यावर 'तक्रार' असं लेबल लावलं.